‘उद्या’ पुढे आला की ‘मी’ मागे जातो

‘मॉर्गन इश फारे नाख म्युन्शन.’ मॉर्गन म्हणजे उद्या, इश म्हणजे मी, फारे म्हणजे जातो, आणि उरलेले दोन शब्द म्हणजे म्युनिकला. पाचही शब्द बरोबर आहेत, क्रियापदाचं रूप ‘मी’ला जुळणारं आहे, शहराआधीचं अव्ययही हवं तेच आहे. तरीही पुण्यातल्या कुठल्याही जर्मनच्या वर्गात या वाक्यावर लाल रेघ पडते. जर्मन माणूस म्हणेल, ‘मॉर्गन फारे इश नाख म्युन्शन.’ उद्या जातो मी म्युनिकला.

मराठी कानाला या दोन वाक्यांत फार तर ठसक्याचा फरक वाटतो. ‘उद्या मी जातो’ आणि ‘उद्या जातो मी’ ही दोन्ही आपण सहज बोलतो. जर्मनमध्ये मात्र पहिलं वाक्य प्रमाण भाषेत बसतच नाही. फार झालं तर एवढंच होईल की ‘मॉर्गन’नंतर जरा थांबलात, तर ऐकणाऱ्याला तो सकाळचा नमस्कार वाटेल: ‘नमस्कार! मी म्युनिकला चाललोय.’ कारण नमस्कार किंवा हाक वाक्यरचनेच्या बाहेर असते, ती जागा अडवत नाही. ‘उद्या’ हा वाक्याचाच भाग असला, तर तो जागा अडवतो.

नियम पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो: मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी. ही ओळ खरी आहे, पण ती ऐकून बहुतेकांच्या मनात ‘दुसरा शब्द’ असा अर्थ बसतो आणि तिथून घोटाळा सुरू होतो. ‘आम लेट्स्टन मोंटाग इम मेर्त्स उम हाल्ब आख्ट फूअर इश नाख म्युन्शन.’ मार्चमधल्या शेवटच्या सोमवारी साडेसात वाजता मी म्युनिकला गेलो. (हाल्ब आख्ट म्हणजे साडेसात. जर्मन लोक पुढच्या तासाचा अर्धा भाग मोजतात, त्यामुळे शब्दशः ‘अर्धा आठ’. यावर अनेकांच्या गाड्या चुकतात, पण तो विषय वेगळा.) इथे ‘फूअर’ हे क्रियापद नवव्या शब्दावर आलं आहे, तरी ते दुसऱ्याच स्थानी आहे. आधीचे आठ शब्द मिळून ‘कधी?’ या एकाच प्रश्नाचं उत्तर देतात, म्हणून ते सगळे मिळून एक.

क्रियापदाच्या पुढे एकच पाट मांडलेला असतो, असं समजा. पाटावर बसणारा किती ऐसपैस आहे याला बंधन नाही, पण बसायचं एकानेच. कर्ता तिथे बसू शकतो, काळ सांगणारा शब्दसमूह बसू शकतो, स्थळ बसू शकतं, कर्मही बसू शकतं. ‘उद्या’ बसला की ‘मी’ला उठून क्रियापदाच्या पलीकडे जावं लागतं. या सगळ्यात क्रियापद जागचं हलत नाही, हलतो तो कर्ता. वर्गात याला ‘उलटापालट’ म्हणतात, पण त्या शब्दाने उगाचच असं वाटतं की कर्त्याचा पहिल्या जागेवर जन्मसिद्ध हक्क होता आणि ‘उद्या’ने तो हिरावला. तसा हक्क मुळात नाही. एरिख ड्राख या जर्मन अभ्यासकाने 1937 साली वाक्याची मांडणी अशीच केली: क्रियापदाआधीची जागा, तिला त्याने ‘फोरफेल्ड’ म्हटलं, आणि क्रियापदानंतरचा भाग. फोरफेल्ड कोणाच्याही मालकीचं नाही. आजही जर्मन व्याकरणात हा शब्द रोजच्या वापरात आहे.

आता हे क्रियापद तिथे आलं कुठून, हे पाहू. मराठी माणसासाठी यातला सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे, आणि वर्गात तो फारसा सांगितला जात नाही याचं मला नवल वाटतं. जर्मनमध्ये ‘दास’ म्हणजे ‘की’ने सुरू होणारं गौण वाक्य घ्या: ‘दास इश मॉर्गन फ्र्यु मिट डेम त्सूग नाख म्युन्शन फारे.’ शब्दाला शब्द लावत गेलात तर निघतं: की मी उद्या सकाळी गाडीने म्युनिकला जातो. क्रम तंतोतंत मराठी. कर्ता, काळ, साधन, स्थळ आणि शेवटी क्रियापद. मानफ्रेड बीअरविश या भाषाशास्त्रज्ञाने 1963 साली जर्मन क्रियापदावरच्या ग्रंथात हीच मूळ रचना धरली. जर्मन क्रियापदाचं घर वाक्याच्या शेवटी आहे आणि मुख्य वाक्यात ते तिथून पुढे येतं, ही मांडणी आज अनेक भाषाशास्त्रज्ञ स्वीकारतात.

मग कृती सोपी होते. आधी मनात मराठी क्रमानेच जर्मन वाक्य लावायचं: इश, मॉर्गन फ्र्यु, मिट डेम त्सूग, नाख म्युन्शन, फारे. मग शेवटचं ‘फारे’ उचलून पुढे आणायचं. शेवटी त्याच्याही आधी एकच गोष्ट ठेवायची. काळ ठेवलात तर ‘मॉर्गन फ्र्यु फारे इश मिट डेम त्सूग नाख म्युन्शन.’ बाकीचं सगळं आपापल्या जागी राहतं. जागा रिकामी झाली ती फक्त उचललेल्या दोन गोष्टींची.

भूतकाळात ही कृती आणखी खुलते. ‘मी काल माझ्या आईला एक पत्र लिहिलं आहे’ याचा मराठी क्रमातला जर्मन सांगाडा असा: इश गेस्टर्न मायनर मुटर आयनन ब्रीफ गेश्रीबन हाबे. ‘गेश्रीबन हाबे’ म्हणजे ‘लिहिलं आहे’. जोडी तीच, क्रमही तोच. पण उचलायचं ते दोघांपैकी एकच, कर्त्याप्रमाणे बदलणारं ‘हाबे’. ‘गेस्टर्न हाबे इश मायनर मुटर आयनन ब्रीफ गेश्रीबन.’ काल आहे मी माझ्या आईला एक पत्र लिहिलं. ‘लिहिलं’ घरीच राहिलं, ‘आहे’ तेवढं पुढे आलं. उठणे या अर्थाच्या ‘आउफश्टेहन’चंही तसंच. ‘मॉर्गन श्टेहे इश उम हाल्ब आख्ट आउफ’ या वाक्यात बदलणारा तुकडा पुढे जातो आणि ‘आउफ’ शेवटी ताटकळत बसतं. जर्मन वाक्य संपेपर्यंत अर्थ कळत नाही अशी जी तक्रार केली जाते, तिचं मूळ या मागे राहिलेल्या तुकड्यात आहे. मराठी ऐकणाऱ्याने ही तक्रार करू नये. आपण जन्मभर वाक्याच्या शेवटाचीच वाट पाहत आलो आहोत.

क्रियापद दुसऱ्या स्थानी ठेवण्याची ही रीत डच, स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही आहे. भारतीय भाषांत ती काश्मिरीत आहे. हिंदी-मराठीच्या शेजारात राहून तिने मुख्य वाक्यात क्रियापद दुसरं ठेवलं. इंग्रजीत ती एके काळी बऱ्याच प्रमाणात होती, आज तिचे अवशेष तेवढे दिसतात.

पुढची जागा खरोखरच भरावी लागते याचा पुरावा ‘एस’ या इवल्याशा शब्दात मिळतो. ‘एस कॉम्ट मॉर्गन आयन गास्ट’ म्हणजे उद्या एक पाहुणा येतोय. यात येणारा पाहुणा आहे, ‘एस’ला स्वतःचा अर्थ काहीच नाही. ते निव्वळ जागा धरून बसलेलं असतं. ‘उद्या’ पुढे आणला की ‘मॉर्गन कॉम्ट आयन गास्ट’. एस गायब! आता पावसाचं वाक्य पाहा. ‘एस रेग्नेट हॉइटे’ म्हणजे आज पाऊस पडतोय. ‘आज’ पुढे आणला तर ‘हॉइटे रेग्नेट एस’. इथे एस जात नाही, क्रियापदामागे सरकतं, कारण इथे ते व्याकरणातला कर्ता आहे. दिसायला एकच शब्द, पण कर्ता कोण आणि नुसता जागा धरणारा कोण हे काळाचा शब्द पुढे आणताच उघड होतं.

इतका सरळ नियम असूनही ती सुरुवातीची चूक वर्षानुवर्षं का टिकते? क्लाझेन, मायझेल आणि पीनेमान या तिघांनी इटली, स्पेन आणि पोर्तुगालहून जर्मनीत कामाला आलेल्या लोकांची बोली तपासली. त्यांचं 1983 सालचं पुस्तक या विषयात पायाभूत मानलं जातं. त्यांना असं दिसलं की शिकणारे एका ठरावीक क्रमाने पुढे जातात. आधी कर्ता-क्रियापद-कर्म. मग ‘उद्या’, ‘काल’ पुढे येतात, पण कर्ता जागा सोडत नाही. त्यानंतर ‘गेश्रीबन’सारखा तुकडा शेवटी टाकायला जमतं. कर्त्याला मागे सारणं त्याच्याही नंतर येतं. म्हणजे ‘मॉर्गन इश फारे’ हा एक मुक्काम आहे. पीनेमानने म्युनिकमधल्या इटालियन मुलांवर एक छोटा प्रयोगही केला. जी मुलं आधीच्या पायरीवर पोचली नव्हती, त्यांना ही उलटापालट शिकवूनही ती बोलण्यात उतरली नाही. सगळ्याच मातृभाषांना हा क्रम जसाच्या तसा लागू पडतो का, यावर नंतर बराच वाद झाला. आपल्याकडे भर अशी की मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा ‘उद्या मी’ हाच क्रम कानात घालतात.

लिहून झालेलं वाक्य तपासायला एक चाचणी आहे. बदलणारं क्रियापद शोधा आणि त्याच्या आधीचं सगळं झाकून तिथे एकच ‘डान’, म्हणजे ‘तेव्हा’, ठेवून पाहा. वाक्य शाबूत राहिलं तर काळ एकटाच बसलेला आहे. ‘मॉर्गन इश’च्या जागी ‘डान’ ठेवलं की कर्ताच हरवतो, म्हणजे पुढे दोघं बसले होते. काळाच्या शब्दसमूहानंतर इंग्रजीच्या सवयीने स्वल्पविराम दिला असेल तर तोही खोडा.

काळ सांगणारं आख्खं उपवाक्य पुढे आलं तरी तेच. ‘आल्स इश नाख हाउझे काम, रेग्नेटे एस.’ मी घरी आलो तेव्हा पाऊस पडत होता. ‘काम’ आपल्या उपवाक्याच्या शेवटी, ‘रेग्नेटे’ मुख्य वाक्याच्या दुसऱ्या जागी, आणि मध्ये फक्त एक स्वल्पविराम. दोन क्रियापदं अशी एकमेकांना भिडलेली दिसली की समजावं, जुळणी बरोबर आहे. ‘उंड’ (आणि), ‘आबर’ (पण) हे सांधे मात्र सुरुवातीला आले तर मोजायचे नाहीत: ‘उंड मॉर्गन फारे इश.’ आणि एक खरा अपवाद: ‘वान डू आउख कॉम्स्ट, इश बिन त्सु हाउझे.’ तू केव्हाही ये, मी घरीच आहे. तू केव्हा येतोस याने इथे काहीच फरक पडत नाही, म्हणून ते उपवाक्य मुख्य वाक्याच्या बाहेर राहतं आणि ‘इश’ आपली पहिली जागा राखून असतो.

बर्लिनसारख्या शहरांत निरनिराळ्या भाषांच्या घरांतून आलेल्या तरुणांच्या बोलीत ‘मॉर्गन इश गे’ या धर्तीची वाक्यं ऐकू येतात. हाइके वीझे या भाषाशास्त्रज्ञीने 2012 साली या बोलीवर, कीत्सडॉइचवर, पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं, त्याच्यावर टीकाही भरपूर झाली. तिचं म्हणणं असं की ही मोडकी जर्मन नाही. बोलणारे बहुतेक वेळा क्रियापद दुसऱ्याच जागी ठेवतात. तिसऱ्या जागेवर ते जातं तेव्हा आधी बहुधा काळासारखी वाक्याची चौकट सांगणारा शब्द असतो आणि लगेच कर्ता. जर्मनमध्येच वाढलेले हे तरुण नेहमीची रचनाही सफाईने वापरतात. परीक्षेच्या पेपरात मात्र अजूनही त्या वाक्याखाली रेघ पडते.