रक्तातलं कोलेस्टेरॉल कोण उचलतं?

बेसनाच्या एका लाडवात साधारण १० ग्रॅम तूप उतरतं, आणि तेवढ्या तुपात कोलेस्टेरॉल असतं सुमारे २५ मिलिग्रॅम. चकली, शेव, कडबोळी तेलात तळलेली. वनस्पतींच्या तेलात ते जवळजवळ नसतंच. पण आपल्या आतड्यात रोज सुमारे १ ग्रॅम कोलेस्टेरॉल येऊन पडतं, ते कुठून? पित्तातून, म्हणजे आपल्याच यकृताकडून. जेवणातलं त्याच्या पाव-तिसरा हिस्सा भरेल. ताटातलं कोणतं आणि पित्तातलं कोणतं, हा भेद आतड्याला कळत नाही. दोन्ही मिळून आलेल्यापैकी साधारण निम्मं ते शोषून घेतं आणि बाकीचं शौचावाटे जातं.

शोषलेलं कोलेस्टेरॉल आणि चरबी पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे रक्तात तशीच सोडता येत नाहीत. आतड्याच्या पेशी त्यांचे थेंब बांधतात: आत चरबी, बाहेर फॉस्फोलिपिडचा एक थर आणि त्यावर काही प्रथिनं. हेच कायलोमायक्रॉन. हा थेंब इतका मोठा असतो की आतड्याच्या केशवाहिन्यांत शिरू शकत नाही. तो लसीकावाहिन्यांतून छातीतून वर चढतो आणि मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळच्या शिरेत रक्ताला मिळतो. साखर आणि प्रथिनांचे घटक आतड्यातून थेट यकृताकडे जातात. लाडवातलं तूप मात्र यकृताला वळसा घालून आधी हृदयातून सगळ्या अंगभर फिरतं. स्नायूंच्या आणि मेदाच्या केशवाहिन्यांच्या भिंतींवर बसलेलं एक विकर त्यातली चरबी तोडून त्या पेशींना देतं. काही मिनिटांत थेंब आकसतो. कोलेस्टेरॉल मात्र त्या उरलेल्या थेंबातच राहतं, आणि तो यकृत उचलून घेतं. भरपेट जेवणानंतर दोन-तीन तासांनी रक्त काढलं तर त्याचा वरचा द्रव दुधाळ दिसतो, तो याच थेंबांमुळे. निरोगी माणसात सकाळपर्यंत ते निघून गेलेले असतात.

मग उपाशीपोटी दिलेल्या रक्तात जो एलडीएलचा आकडा येतो, तो कशाचा? तो यकृताच्या मालाचा. यकृत स्वतःची चरबी आणि कोलेस्टेरॉल भरून व्हीएलडीएल नावाचे कण सोडतं. वाटेत त्यांचीही चरबी काढली जाते. उरलेल्या कणांपैकी साधारण निम्मे यकृत परत घेतं आणि बाकीचे आणखी आकसून एलडीएल होतात. कायलोमायक्रॉन मिनिटांत संपतं, एलडीएलचा कण मात्र निरोगी माणसाच्या रक्तात सरासरी अडीच दिवस फिरतो. कोणीतरी उचलून घेईपर्यंत तो फिरत राहतो, आणि सगळी गोम या उचलण्यातच आहे.

हे उचलणं कसं चालतं ते टेक्सासमधल्या डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७३-७४च्या सुमाराला दाखवलं. लहानपणापासूनच कोलेस्टेरॉल अतोनात असलेल्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी त्यांनी काचपात्रात वाढवल्या. निरोगी पेशींना एलडीएल दिलं की त्या स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवत. रुग्णांच्या पेशींना कितीही एलडीएल दिलं तरी त्यांचं उत्पादन चालूच राही. थांबण्याची यंत्रणाच बिघडली असेल का? त्यांनी एलडीएलऐवजी अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं कोलेस्टेरॉल दिलं, आणि आता रुग्णांच्या पेशीही थांबल्या. म्हणजे आतली यंत्रणा शाबूत होती. एलडीएल आतच येत नव्हतं. मग किरणोत्सारी खूण लावलेलं एलडीएल वापरून त्यांनी पाहिलं, तर ते निरोगी पेशींच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटत होतं, रुग्णांच्या पेशींना चिकटतच नव्हतं. पेशीच्या अंगावर एलडीएल पकडणारं एक प्रथिन असतं, एलडीएल रिसेप्टर, आणि या रुग्णांत तेच सदोष होतं. इतक्या स्वच्छ तर्काचा प्रयोग वैद्यकात क्वचितच सापडतो. १९८५ साली दोघांना नोबेल मिळालं.

रिसेप्टर एलडीएलला घेऊन पेशीत बुडतो, आतल्या आम्लात त्याला सोडतो आणि साधारण दहा मिनिटांत पुन्हा पृष्ठभागावर येतो. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की ती स्वतःचं उत्पादन कमी करते आणि नवे रिसेप्टरही कमी बनवते. यकृतातले रिसेप्टर कमी झाले की रक्तातलं एलडीएल रेंगाळतं. तुपातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा तुपातली संपृक्त चरबी एलडीएल जास्त वाढवते ती यामुळेच: ती यकृतातल्या रिसेप्टरचं काम मंदावते. स्टॅटिनची गोळी याच्या उलट काम करते. ती यकृतातलं उत्पादन अडवते, पेशीला टंचाई जाणवते, ती जास्त रिसेप्टर बाहेर पाठवते आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेते.

रिसेप्टर जवळजवळ सगळ्या पेशींवर असले तरी खरा भार यकृतावर असतो, याचा पुरावा १९८४ साली मिळाला. टेक्सासमधल्या सहा वर्षांच्या एका मुलीला आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं होतं. तिचं कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला १,००० मिलिग्रॅमच्या वर होतं आणि हृदय पार खिळखिळं झालं होतं. पिट्सबर्गमध्ये तिला हृदय आणि यकृत दोन्ही नवी बसवली. कोलेस्टेरॉल ३००च्या आसपास उतरलं. तिच्या स्वतःच्या पेशींवर काम करणारे रिसेप्टर जवळजवळ नव्हतेच. ते मुख्यतः नव्या यकृतातच होते.

परतीची वाट एचडीएलची. कोलेस्टेरॉलची वलयं तोडून टाकणं आपल्या पेशींना जमत नाही, म्हणून जास्तीचं बाहेर काढावंच लागतं. एक पंप ते एचडीएलच्या प्रथिनाकडे ढकलतो. हा पंप सदोष असला तर काय होतं ते व्हर्जिनियातल्या टँजिअर बेटावर दिसलं: मुलांचे टॉन्सिल साठलेल्या कोलेस्टेरॉलने नारिंगी पिवळे, आणि रक्तात एचडीएल जवळजवळ नाही. एचडीएल आपलं कोलेस्टेरॉल काही थेट यकृताला देतं, काही एलडीएलच्या कणांत भरतं. तेही शेवटी यकृतच उचलतं. यावरून एचडीएल वाढवणारी औषधं आली. टॉरसेट्रापिबने ते खूप वाढवलं, पण घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि २००६ साली सुमारे १५,००० लोकांवरची चाचणी थांबवावी लागली. रक्तात एचडीएल किती आहे यावरून पेशींतून कोलेस्टेरॉल किती वेगाने निघतंय ते कळत नाही. म्हणून अहवालात एचडीएल ६० दिसलं म्हणून एलडीएलकडे दुर्लक्ष करणं मला धोक्याचं वाटतं.

आता एक अहवाल वाचू. एकूण कोलेस्टेरॉल ३००, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड १५०. ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, ३०, हा व्हीएलडीएलचा अंदाज. ३००मधून ४५ आणि ३० वजा केले की एलडीएल २२५. (ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असलं तर हे गणित चालत नाही, एलडीएल थेट मोजावं लागतं.) माणूस चाळिशीचा, सडपातळ, खाणं साधं. १९०च्या वरचा एलडीएल नुसत्या फराळाने सहसा होत नाही. आधी थायरॉइड तपासावं, कारण ते मंदावलं तर रिसेप्टरही घटतात. मग टाचेमागची कंडरा दाबून जाड गाठ लागते का बघावं, आणि घरात कोणाला पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आला होता का ते विचारावं. एका पालकाकडून सदोष जनुक आलेला माणूस साधारण अडीचशे-तीनशेंत एक असतो, आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं. त्याच्या प्रत्येक मुलाला ते जनुक मिळण्याची शक्यता निम्मी, म्हणून त्याच्यासोबत त्याच्या भावंडांचं आणि शाळकरी मुलांचंही रक्त तपासायला सांगावं.