व्ह्यूज लाखांत, तरी चार्टवर नाव का नाही? गाण्याचा ‘स्ट्रीम’ नेमका कसा मोजतात?

१४ एप्रिल असो, गणेशोत्सव असो की लग्नसराई. नांदेड-लातूरकडच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला एखादं नवं गाणं हमखास दिसतं आणि त्याखाली ओळ असते, ‘भावांनो, ट्रेंडिंगला आणायचंय, लूपवर ठेवा’. काही जण तर रात्रभर फोन चार्जिंगला लावून गाणं चालू ठेवतात. काही जण ‘दहा हजार व्ह्यूज, शंभर टक्के खरे’ असं सांगणाऱ्याला पैसेही देतात. पण सकाळी आकडा वाढलेला दिसूनही गाणं चार्टवर येत नाही. असं का होतं?

स्ट्रीम कधी धरला जातो?

स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद ऐकलं गेलं, तर एक स्ट्रीम मोजला जातो. पंचविसाव्या सेकंदाला पुढचं गाणं लावलं, तर काहीच जमा होत नाही. डाउनलोड करून नेट बंद असताना ऐकलेलं गाणंही मोजलं जातं, पण फोन पुन्हा ऑनलाइन आल्यावर.

रील आणि शॉर्ट्सचा हिशोब वेगळा आहे. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट्सवर व्हिडिओ सुरू झाला की लगेच व्ह्यू धरला जातो, किमान वेळेची अट नाही. म्हणजे अंगठ्याने वर सरकवता सरकवता दिसलेला व्हिडिओसुद्धा आकड्यात येतो. त्यामुळे ‘शॉर्ट्सवर पाच लाख’ आणि ‘स्पॉटिफायवर पाच लाख’ या दोन गोष्टींची तुलनाच होत नाही. जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये रील्समधून घराघरांत पोचलं. पण रीलमध्ये वाजलेला तुकडा स्पॉटिफायचा स्ट्रीम ठरत नाही. रील पाहिलेला माणूस नंतर ॲपवर जाऊन गाणं शोधून ऐकतो, तेव्हाच ते तिथल्या खात्यात जमा होतं.

वीस फोनचं गणित

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नांदेडच्या एका ग्रुपने वीस फोनवर चार मिनिटांचं गाणं चोवीस तास लूपवर ठेवलं. तासाला १५ वेळा, दिवसाला ३६० वेळा. वीस फोनचे मिळून ७,२०० प्ले.

त्याच दिवशी लातूरच्या एका गायकाचं गाणं क्लासच्या ३०० पोरांनी प्रत्येकी तीनदा ऐकलं. एकूण प्ले फक्त ९००.

कागदावर नांदेडचं गाणं आठ पट पुढे आहे. पण चार्ट काढणाऱ्याला एकूण प्ले जसे दिसतात, तसंच ते किती वेगवेगळ्या लोकांकडून आले हेही दिसतं. ब्रिटनच्या अधिकृत चार्टचा नियम इथे लावून पाहू. तिथे एका माणसाने एक गाणं दिवसात कितीही वेळा ऐकलं, तरी जास्तीत जास्त दहाच प्ले धरले जातात. म्हणजे नांदेडच्या वीस फोनचे उरले २००. लातूरचे ९०० मात्र जसेच्या तसे राहिले.

स्पॉटिफाय आपलं नेमकं सूत्र जाहीर करत नाही. पण आकडे फुगवण्यापासून बचाव करणारं सूत्र चार्टसाठी वापरलं जातं, हे कंपनी सांगते. म्हणूनच गाण्याखाली दिसणारा आकडा आणि चार्टमध्ये धरलेला आकडा वेगळा असू शकतो.

विकत घेतलेले व्ह्यूज का चालत नाहीत?

जुलै २०१९ मध्ये बादशाहच्या ‘पागल’ या गाण्याला २४ तासांत सुमारे साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं सांगितलं गेलं. हा आकडा कोरियाच्या बीटीएसच्या विक्रमापेक्षा थोडा जास्त होता. पण यूट्यूबने विक्रमाची घोषणा केली नाही. गाण्याच्या प्रसारासाठी यूट्यूबवरच जाहिराती दिल्या गेल्या होत्या आणि जाहिरात म्हणून दिसलेलं गाणंही व्ह्यूमध्ये मोजलं जात होतं. यात तेव्हाच्या नियमांचा भंग नव्हता. अनेक कंपन्या हेच करत होत्या.

त्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबने नियम बदलला. जाहिरातीतून आलेले व्ह्यूज म्युझिक चार्ट आणि २४ तासांच्या विक्रमासाठी धरणं बंद झालं. सर्च, थेट लिंक, होमपेज किंवा दुसऱ्या वेबसाइटवर लावलेला व्हिडिओ अशा मार्गांनी आलेले व्ह्यूजच चार्टसाठी धरले जाऊ लागले. व्हिडिओखालच्या आकड्यात मात्र जाहिरातीचे व्ह्यूज दिसू शकतात. लाखभर व्ह्यूज असूनही चार्टवर नाव नसण्याचं हे एक मोठं कारण आहे.

मग ‘ट्रेंडिंग’ म्हणजे काय?

टॉप चार्ट एकूण ऐकणं मोजतो, तर ट्रेंडिंग किंवा व्हायरल यादी वेग मोजते. स्पॉटिफायच्या व्हायरल यादीत प्ले किती झपाट्याने वाढले, किती जणांनी गाणं शेअर केलं आणि किती नव्या लोकांना ते सापडलं, हे पाहिलं जातं. आपल्या उदाहरणात लातूरकडे ३०० नवे श्रोते आहेत, नांदेडकडे तेच वीस फोन.

यूट्यूबचं ‘ट्रेंडिंग’ पेज तर जुलै २०२५ मध्येच बंद झालं. त्यामुळे आज कुणी ‘यूट्यूब ट्रेंडिंग नंबर १’ असं पोस्टर टाकलं, तर कोणती यादी, हा प्रश्न विचारायला हवा.

वारालाही महत्त्व आहे. साप्ताहिक चार्टचा आठवडा साधारणपणे शुक्रवार ते गुरुवार असा धरतात. मंगळवारी आलेल्या गाण्याच्या हाती त्या आठवड्याचे तीनच दिवस लागतात. उत्सवाची तारीख हलत नाही, पण गाणं आधीच्या शुक्रवारी टाकलं तर पूर्ण सात दिवस मिळतात.

खोटे स्ट्रीम पकडले गेले तर?

बॉट किंवा स्क्रिप्टने वाढवलेले स्ट्रीम पकडले गेले, तर स्पॉटिफाय ते वजा करतं आणि त्यांचे पैसे देत नाही. २०२४ पासून उघड फसवणूक दिसल्यास प्रत्येक गाण्यामागे लेबल किंवा डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतला जातो, आणि डिस्ट्रिब्युटर तो कलाकाराच्या माथी मारू शकतो. डिस्ट्रिब्युटरने गाणं काढून टाकण्याचा धोकाही असतो. याशिवाय, मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसतील, तर त्या गाण्याला मानधनच सुरू होत नाही. म्हणजे पॅकेजमधून घेतलेले हजार स्ट्रीम वजा झाले, तर पैसेही गेले आणि मानधनाची पायरीही गाठली नाही.

कसं ओळखायचं?

‘प्रमोशन’चं काम दुसऱ्याला दिलं असेल, तर कलाकाराने स्वतःच्या डॅशबोर्डवर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, स्ट्रीमला श्रोत्यांच्या संख्येने भागावं. लातूरच्या गाण्याचं उत्तर ३ येतं, नांदेडच्या वीस फोनचं ३६०. दुसरी, शहरांची यादी. गोरमाटी बोलीतलं गाणं अचानक परदेशातल्या एकाच शहरात सर्वाधिक ऐकलं जात असेल, तर ते श्रोते खरे असण्याची शक्यता कमीच. तिसरी, हजारो प्ले असूनही गाणं सेव्ह करणारे किंवा स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये घेणारे जवळजवळ कुणीच नसतील, तर पलीकडे माणूस नाही, मशीन आहे असं समजावं आणि ते पॅकेज लगेच थांबवावं.