चौथं प्रकरण पेपरच्या रूपात: समितीला लिहायचं पत्र

पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात अनेक विद्यार्थ्यांपुढे हा पेच उभा राहतो. एका प्रकरणावरचा पेपर जर्नलमध्ये छापून आलेला असतो. परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांमुळे तो जुन्या मसुद्यापेक्षा नेटका झालेला असतो. प्रबंधाच्या फाइलमध्ये मात्र त्याच प्रकरणाचा जुना मसुदा तसाच पडून असतो. मग तो पेपरच प्रकरण म्हणून का घालू नये? स्वीडन किंवा नेदरलँड्समध्ये विज्ञानातले कित्येक प्रबंध असेच पेपर एकत्र बांधून होतात. आपल्याकडे सलग प्रबंधाची रीत आहे, त्यामुळे संशोधन सल्लागार समितीची परवानगी आधी घ्यावी लागते आणि त्यासाठी पत्र लिहावं लागतं.

बहुतेक पत्रं एकाच ठिकाणी फसतात. विद्यार्थी जर्नलचं नाव, त्याचा दर्जा आणि छापून आल्याची तारीख लिहितो आणि परवानगी मागतो. पण पेपर चांगला आहे की नाही, ही समितीची शंका नसतेच. जर्नलची शब्दमर्यादा पाळताना प्रकरणातून जे गाळलं ते कुठे गेलं, हे तिला जाणून घ्यायचं असतं. दुसरा प्रश्न असा, की पेपरवर तीन नावं आहेत, मग यातलं तुमचं काम नेमकं किती?

एक उदाहरण घेऊ. समजा, विषय आहे यवतमाळ जिल्ह्यातल्या बोअरवेलच्या पाण्यातलं फ्लोराइड. प्रबंधाची प्रकरणं सहा. चौथ्या प्रकरणात 60 बोअरवेलचं पाणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासलं आहे, म्हणजे एकूण 120 नमुने. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालावं, असं भारतीय मानक सांगतं. किती बोअर कोणत्या ऋतूत ही मर्यादा ओलांडतात, हा या प्रकरणाचा प्रश्न. जुना मसुदा 45 पानांचा होता, पेपर 14 पानांचा झाला.

या 31 पानांत काय होतं? फ्लोराइड इलेक्ट्रोडने मोजणी करायची तर रोज सकाळी ठरावीक तीव्रतेची द्रावणं वापरून इलेक्ट्रोड तपासून घ्यावा लागतो. तीव्रता दहापट वाढली की वाचन साधारण 59 मिलिव्होल्टने बदलायला हवं. फरक त्याहून बराच कमी पडू लागला, तर इलेक्ट्रोड बिघडत चालला असं समजायचं. जुन्या मसुद्यात या तपासणीचा रोजचा तक्ता होता. जर्नलने त्याचं एक वाक्य करायला लावलं. तोंडी परीक्षेत मात्र बाहेरचे परीक्षक नेमकं हेच विचारतील. तो तक्ता प्रबंधात कुठेच सापडला नाही, तर विद्यार्थ्याने केलेलं काम न केल्यासारखं दिसेल. म्हणून पत्राचा जीव या हिशोबात आहे. तो असा मांडता येईल:

“माननीय अध्यक्ष, संशोधन सल्लागार समिती यांस, मार्गदर्शकांमार्फत सादर.

महोदया, माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण प्रकाशित शोधनिबंधाच्या स्वरूपात सादर करण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. बाकीच्या पाच प्रकरणांचं स्वरूप मंजूर आराखड्याप्रमाणेच राहील. संशोधनाचे प्रश्न, नमुने आणि निष्कर्ष यांत बदल नाही.

मांडणीतले बदल असे आहेत. पूर्वीच्या कामाचा आढावा (9 पानं) दुसऱ्या प्रकरणात मिळवला आहे. नमुने घेण्याची आणि मोजणीची सविस्तर पद्धत (8 पानं) तिसऱ्या प्रकरणात आहे. इलेक्ट्रोड तपासणीचा रोजचा तक्ता आणि सर्व 120 नमुन्यांची मूळ वाचनं (12 पानं) परिशिष्ट ‘अ’मध्ये दिली आहेत. उरलेल्या 2 पानांतला मजकूर पुनरुक्तीचा असल्याने वगळला आहे. चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला एक पान नव्याने लिहिलं असून, हे प्रकरण तिसऱ्यातून कसं येतं आणि पाचव्याकडे कसं जातं, ते त्यात सांगितलं आहे.

या निबंधाची मी प्रथम लेखिका आहे. नमुने गोळा करणं, मोजणी, विश्लेषण आणि पहिला मसुदा हे काम माझं आहे. नकाशे दुसऱ्या सहलेखकांनी तयार केले आहेत. मार्गदर्शकांनी आराखडा आणि मसुदा तपासला आहे. दोघांची सही असलेलं निवेदन सोबत जोडलं आहे.”

9, 8, 12 आणि 2 मिळून 31 होतात. सदस्य ही बेरीज करतातच, आणि ती जुळली की बरेच प्रश्न विचारले जाण्याआधीच मिटतात. ‘किरकोळ मजकूर कमी केला आहे’ असं मोघम लिहिलं, तर तो किरकोळ आहे हे कुणी ठरवलं, इथून चर्चा सुरू होते. सहलेखकांच्या कामाचंही तसंच. नकाशे दुसऱ्याने केले हे सांगितल्याने विद्यार्थिनीचं काम कमी होत नाही. ते लपवलं आणि परीक्षेत उघड झालं, तर मात्र तिच्या स्वतःच्या मोजणीवरही संशय येतो.

पत्राला आणखी दोन कागद जोडावेत. पहिला प्रकाशकाच्या परवानगीचा. लेखकाला आपला पेपर प्रबंधात वापरू देणारे प्रकाशक बरेच आहेत, पण आपले प्रबंध पुढे ‘शोधगंगा’वर सर्वांसाठी खुले होतात. काही प्रकाशक छापील रूपाऐवजी स्वीकृत हस्तलिखितच खुलं ठेवू देतात, काही त्यासाठी ठरावीक मुदत घालतात. त्यामुळे करारातली ती ओळ वाचून तिची प्रत लावावी.

दुसरा कागद साम्य तपासणीबद्दलचा. सॉफ्टवेअरला पेपर सापडला की संपूर्ण प्रकरण उचललेलं दिसतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाशिवाय सुटतं. इथे आकडा त्याच्या कितीतरी पुढे जाईल. शिवाय स्वतःचाच छापलेला मजकूर योग्य उल्लेखाशिवाय पुन्हा वापरणं मान्य नाही, असं यूजीसीने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून प्रकरणाच्या पहिल्याच पानावर पेपरचा पूर्ण संदर्भ द्यावा. तपासणीत तो एक स्रोत वगळल्यानंतरचा अहवाल आणि न वगळता काढलेला अहवाल, असे दोन्ही मार्गदर्शकांच्या सहीने ग्रंथालयाकडून घ्यावेत.

हे पत्र प्री-सबमिशन सादरीकरणाच्या आधीच्या बैठकीत जायला हवं. सादरीकरण झाल्यावर मांडणी बदलली, तर समितीने पाहिलेला प्रबंध एक आणि सादर झालेला दुसरा, अशी स्थिती होते. पत्र लिहिण्याआधी आपल्या विद्यापीठाचा पीएच.डी. अध्यादेशही वाचावा. त्यात पेपरच्या स्वरूपाला मनाई असेल, तर समितीची इच्छा असूनही तिला परवानगी देता येत नाही. तेव्हा प्रकरण सलग रूपात नव्याने लिहून पेपर परिशिष्टात लावणं हाच मार्ग उरतो.

परवानगी तोंडी मिळाली म्हणून थांबू नका. ती बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्या इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत प्रबंधात प्रमाणपत्रांच्या पानांमागे लावा. बाहेरच्या परीक्षकांच्या हाती पत्र नसतं, फक्त प्रबंध असतो.