छापील ४५, पीडीएफमधलं ५९

जुन्या मराठी पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ हाताशी आहे आणि त्यातला एकच लेख वेगळा काढायचा आहे. अनुक्रमणिका सांगते की लेख पृष्ठ ४५ ते ६२ वर आहे. पीडीएफमधली पानं वेगळी काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ४५-६२ टाकलं की हाती येते आधीच्या लेखाची शेपटी आणि आपल्या लेखाचं अर्धवट तुकडं. फाइलमध्ये बिघाड नसतो. पुस्तक आणि पीडीएफ यांची मोजायची सुरुवातच वेगळ्या ठिकाणी होते.

पुस्तकाचा मुख्य मजकूर आधी जुळवला जातो. त्याची पानं पक्की झाल्याशिवाय अनुक्रमणिका तयार करता येत नाही आणि प्रस्तावना तर बहुधा सगळ्यात शेवटी येते. म्हणून या आरंभीच्या पानांना स्वतंत्र क्रम देण्याची पद्धत पडली. इंग्रजी पुस्तकांत तिथे रोमन आकडे असतात. मराठीत बरेचदा अक्षरी ‘पाच’, ‘सहा’ असं छापतात आणि मुख्य मजकूर पुन्हा १ पासून सुरू होतो. पीडीएफला मात्र यातलं काहीच ठाऊक नसतं. मुखपृष्ठ असो, कोरं पान असो की ग्रंथालयाचा शिक्का असलेलं पान, ती पहिल्यापासून सरळ मोजत जाते.

आपल्या पुस्तकात मुखपृष्ठापासून अनुक्रमणिकेपर्यंत १४ पानं आहेत असं धरू. मग छापील पृष्ठ १ फाइलमध्ये १५ व्या जागी येतं. फरक १४ चा. छापील ४५ मध्ये १४ मिळवले की ५९. त्या जागी जाऊन पाहिलं तर लेखाचं शीर्षक दिसतं. पण त्या पानावर ४५ हा आकडा छापलेला नसू शकतो, कारण प्रकरणाच्या पहिल्या पानावर क्रमांक न टाकण्याची रीत आहे. पुढच्या पानावर ४६ दिसला की खात्री पटते.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि शेवटचं पान हिशेबानं ६२ अधिक १४, म्हणजे ७६ धरतात. ७६ व्या जागी जाऊन पाहिलं तर तिथे छापील ६० आहे! मधली पानं चाळली की कारण सापडतं. पृष्ठ ४८ नंतर आर्ट पेपरवर छापलेल्या छायाचित्रांची दोन पानं घातली आहेत आणि त्यांना क्रमांक नाही. तिथून पुढे फरक १६ चा होतो, म्हणून छापील ६२ खरं तर ७८ व्या जागी आहे. मागायची पानं ५९ ते ७८. दोन्ही टोकं धरून मोजली तर ती २० होतात: छापील १८ आणि चित्रांची २.

म्हणून माझं ठाम मत आहे की फरक एकदा काढून तो पुस्तकभर वापरू नये. हव्या असलेल्या भागाची दोन्ही टोकं डोळ्यांनी पाहावीत. दोन्हीकडे फरक सारखा नसेल तर मध्ये काहीतरी घडलेलं असतं. फरक वाढला असेल तर चित्रं आहेत किंवा एखादं पान दोनदा स्कॅन झालं आहे. फरक कमी झाला असेल तर पान स्कॅनमधून सुटलं आहे. सुटलेलं पान कोणत्याही हिशेबानं परत येत नाही, त्यासाठी दुसरी प्रत शोधावी लागते.

पीडीएफमध्ये प्रत्येक पानाला छापील क्रमांकाचं लेबल जोडण्याची सोय आहे. अशा फाइलमध्ये काही वाचकप्रोग्रॅम `45 (59 of 260)` असं दाखवतात. इथे कंसातला आकडा जागेचा आणि बाहेरचा लेबलाचा. पानं वेगळी करणाऱ्या अनेक प्रोग्रॅमना जागेचा आकडाच लागतो. qpdf मध्ये वरचा लेख असा निघतो:

```
qpdf pustak.pdf --pages . 59-78 -- lekh.pdf
```

यातलं टिंब म्हणजे तीच मूळ फाइल. नवी फाइल उघडून पहिलं पान, शेवटचं पान आणि एकूण संख्या पाहिली की काम झालं.

समोरासमोरची दोन पानं एकाच चित्रात स्कॅन केलेली असतील तर अडचण वेगळी. विषम क्रमांक उजवीकडे येतो, त्यामुळे ४५ ज्या चित्रात आहे त्यातच डावीकडे ४४ असतं. अर्धं चित्र पानांच्या आकड्यांनी तोडता येत नाही. ते आधी कापून घ्यावं, नाहीतर ४४ सोबत येऊ द्यावं.

आणि लेखातून उद्धृत करताना तळटीपेत छापील क्रमांकच द्या. ५९ हा आकडा फक्त तुमच्या त्या फाइलचा आहे. त्याच आवृत्तीचं पुस्तक हातात घेतलेल्या वाचकाला मजकूर पृष्ठ ४५ वरच सापडेल.