एकच यंत्र, दोन उत्तरं

कर्जतला कॉमर्सच्या मुलांसाठी बहुपर्यायी प्रश्न काढताना मी बहुतेक उदाहरणं भातगिरणीचीच घेतो. कर्जत-खालापूरकडच्या मुलांना भात भरडणं समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न असा: गिरणीवाल्याने वर्षाच्या सुरुवातीला ६ लाखांचं यंत्र घेतलं. ते दहा वर्षं चालेल, शेवटी भंगाराचं काही येणार नाही. पहिल्या ३१ मार्चला यंत्र उत्तम चालतंय, पण विकायला काढलं तर कोणी २ लाखांवर जाणार नाही. तरी ताळेबंदात ५,४०,००० दाखवले. का?

बरीच मुलं ‘मॅचिंग’वर खूण करतात, कारण ५,४०,००० दिसले की घसारा आठवतो. पण प्रश्न घसाऱ्याचा नाही, २ लाख का लिहिले नाहीत याचा आहे. गिरणी पुढेही चालणार, यंत्र विकायचंच नाही, म्हणून आज त्याचे किती येतील याला अर्थ नाही. हे ‘गोइंग कन्सर्न’. गिरणी जूनमध्ये बंद करायचं ठरलंय, एवढं वाक्य घातलं की तेच २ लाख महत्त्वाचे होतात. आणि ‘६ लाख एकाच वर्षाच्या खर्चात न घालता दरवर्षी ६०,००० का?’ असं विचारलं, तर उत्तर ‘मॅचिंग’: यंत्र दहा वर्षं भरडाईचं उत्पन्न देणार, मग खर्चही त्या त्या वर्षाच्या उत्पन्नासमोर बसायला हवा.

म्हणून आधी शेवटचं वाक्य वाचा, असं मी सांगतो. व्यवहारापेक्षा ‘का’ कशाला जोडलाय ते पाहायचं.

‘प्रुडन्स’ म्हणजे सावधगिरी. ती मालाच्या साठ्यात चांगली दिसते. १०० क्विंटल तांदूळ ३,००० रुपये भावाने घेतला. वर्षअखेरीस विक्रीखर्च वजा जाता क्विंटलला २,८०० सुटतील अशी स्थिती. साठा २,८०,००० लिहायचा. २०,००० चा तोटा आजच धरायचा. तेच ३,३०० सुटणार असतील, तर साठा ३ लाखांवरच राहतो. विक्रीआधी नफा नाही. पण ‘सावधगिरी म्हणून २,५०० धरू’ हा पर्याय चूक. तो मी मुद्दाम ठेवतो आणि हुशार मुलंही त्यात सापडतात. भीतीने आकडा दाबला की यंदाचा नफा लपतो आणि पुढच्या वर्षी फुगून वर येतो.

एक प्रश्न मात्र मी आता देत नाही: ‘येणं बुडण्याच्या शक्यतेपोटी तरतूद केली, संकल्पना ओळखा.’ येणं बुडेल म्हणून आधीच तोटा धरला, तर ते ‘प्रुडन्स’. उधारीची विक्री यंदाची, म्हणून तिचा संभाव्य तोटाही यंदाच, असं म्हटलं तर ‘मॅचिंग’. दोन्ही उत्तरांना गुण द्यावे लागतात. प्रश्नसंचांत तो अजूनही एकाच उत्तरासह छापलेला सापडतो.