इंद्रधनुष्य ४२ अंशांवरच का?

पांढरा उजेड शुद्ध आणि लोलक त्याला रंग चढवतो, अशी समजूत सतराव्या शतकातल्या युरोपात विद्वानांचीही होती. काचेतून जाताना उजेडात अंधार मिसळतो आणि त्या भेसळीतून रंग तयार होतात, असं मानलं जाई. ही समजूत मोडली आयझॅक न्यूटनने, आणि तीही एका मोजमापाच्या जोरावर.

१६६६ साली न्यूटनने खोलीत अंधार केला, खिडकीच्या फळीला पाव इंचाचं भोक पाडलं आणि तिथे लोलक धरला. रंगांचा पट्टा २२ फुटांवरच्या भिंतीवर पडला. रंग पाहून चकित होणारे आधीही खूप होते. न्यूटनने पट्टी लावली. पट्टा अडीच इंचांहून जरासा जास्त रुंद, पण सव्वातेरा इंच लांब भरला. रुंदीचा हिशेब लागत होता. आकाशात सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची दिसते, तेव्हा एवढ्या अंतरावर तिचा ठसा साधारण तेवढाच पडायला हवा. पण सारा उजेड सारखाच वळत असता, तर लांबीही तेवढीच भरली असती. ती पाचपट कशी?

मग त्याने पट्ट्यातला एकच रंग बारीक भोकातून पुढे सोडला आणि वाटेत दुसरा लोलक धरला. तांबडा वळला, पण तांबडाच राहिला. जांभळा अधिक वळला आणि जांभळाच राहिला. काच रंग चढवत असती, तर दुसऱ्या काचेने पुन्हा काहीतरी चढवलंच असतं. म्हणजे रंग उजेडात आधीपासूनच होते. लोलकाने फक्त ते वेगळे केले. हे निष्कर्ष १६७२ मध्ये छापून आले.

वेगळे होण्याचं कारण वेगात आहे. पोकळीत सगळे रंग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या एकाच वेगाने धावतात. साध्या काचेत शिरल्यावर मात्र तांबडा साधारण १ लाख ९८ हजारांवर येतो, तर जांभळा १ लाख ९६ हजारांवर. जो जास्त मंदावतो तो जास्त वळतो. खिडकीच्या काचेतही हे घडतं, पण तिच्या दोन्ही बाजू समांतर असल्याने शिरताना पडलेला फरक बाहेर पडताना भरून निघतो. लोलकाच्या बाजू तिरक्या असतात, म्हणून तिथे तो भरून निघण्याऐवजी वाढतो.

पावसाचा थेंब तर गोल. त्याच्यावर किरण सगळीकडून आदळतात, आत वळतात, मागच्या भिंतीवरून परततात आणि पुन्हा वळून बाहेर येतात. मग हे सगळे रंग एकमेकांत मिसळून पांढरे का होत नाहीत?

एका किरणाचा माग काढला की उत्तर सापडतं. थेंबाच्या बरोबर मध्यावर आदळलेला किरण आल्या वाटेने परततो. मध्य आणि कडा यांच्या अर्ध्यावर आदळलेला २८ अंशांनी बाजूला पडतो. आणखी कडेकडे, त्रिज्येच्या आठ दशांशावर, कोन ४१ होतो आणि थोडं पुढे ४२. त्यानंतर तो वाढतच नाही, उलट उतरू लागतो. अगदी कडेला तो जेमतेम १४ उरतो. वर फेकलेला चेंडू शिखराजवळ जसा क्षणभर रेंगाळतो, तसे किरण या कमाल कोनाजवळ दाटतात. हा कोन देकार्तने १६३७ मध्येच किरण मोजून दाखवला होता, पण रंगांचं कोडं त्याला सुटलं नव्हतं.

ही कमाल मर्यादा प्रत्येक रंगाची निराळी: तांबड्याची ४२ अंशांहून किंचित जास्त, जांभळ्याची साडेचाळीसच्या आसपास. त्यामुळे बाहेरच्या कडेला तांबडा एकटाच उरतो. जांभळ्यापर्यंत येईतो मात्र बाकीच्या रंगांचा थोडा उजेड त्यात मिसळलेला असतो, म्हणून तो फिकट वाटतो. त्याच्याही आत सगळे रंग एकत्र येऊन पांढुरका उजेड होतो. कमानीच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा उजळ दिसतं ते यामुळेच. शाळेत पाठ केलेलं ‘तानापिहिनिपाजा’ इथे काटेकोर लागू पडत नाही. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्याने रंगांच्या सीमा पुसट होतात. धुक्यातले थेंब तर इतके बारीक असतात की पट्टे एकमेकांवर चढून कमान जवळजवळ पांढरीच दिसते.

कमानीचं केंद्र नेहमी सूर्याच्या विरुद्ध, पाहणाऱ्याच्या डोक्याच्या सावलीच्या दिशेला असतं. म्हणून सूर्य ४२ अंशांहून वर गेला, की सपाट जमिनीवरून आभाळात इंद्रधनुष्य दिसत नाही. महाराष्ट्रात जुलैच्या भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा ऊन-पावसाचा कितीही खेळ चालला तरी आभाळात शोधण्यात अर्थ नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर सूर्याकडे पाठ करून पूर्वेकडे पाहावं.