कापल्यासारखं दुखतंय? मग ती मूळव्याध नसेलही!

ऑफिसच्या कँटीनमध्ये आपण अ‍ॅसिडिटीवर तासभर बोलतो, पाठदुखीवर बोलतो, केस गळण्यावर तर चर्चासत्रंच घेतो. पण ‘तिथलं’ दुखणं? ते गुगलला सांगायचं, फार तर मेडिकलवाल्याला, तेही दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून! आणि मेडिकलवाला काय म्हणणार? ‘मूळव्याध असेल.’ साताऱ्याहून कराड, पेठ नाका करत सांगलीला निघालात, तर भिंतींवर तीन शब्द जोडीनं रंगवलेले दिसतात : मूळव्याध, भगंदर, फिशर. वाचणाऱ्याला वाटतं, एकाच दुखण्याची ही तीन नावं. तसं अजिबात नाही.

माझ्या एका मित्राचंच उदाहरण घ्या. घर सांगलीत, नोकरी साताऱ्यात. शनिवारी संध्याकाळी एसटी, सोमवारी पहाटे परत. आठवडाभर मेसचं जेवण, संध्याकाळी वडापाव. प्रवासात ‘लागायला नको’ म्हणून पाणी कमी. ऑफिसच्या टॉयलेटला जायचा संकोच, म्हणून आलेली भावना दाबून ठेवायची. एका सोमवारी खडा झाला, जोर करावा लागला आणि त्याच्या शब्दांत सांगायचं तर ‘काच घासत बाहेर आली’. कागदावर लालभडक रक्ताची एक रेघ. त्याहून वाईट म्हणजे नंतरचे दोन तास आग आणि ठणका. मीटिंगमध्ये साहेब खुर्चीकडे बोट दाखवतायत आणि हा म्हणतोय, ‘नको सर, उभाच बरा!’

रूममेटनं निदान केलं : मूळव्याध. मग कुणीतरी सुचवलेलं एक चूर्ण सुरू झालं. त्यानं जुलाब झाले, जखम आणखी चिघळली. तीन आठवडे असे काढल्यावर तो सांगलीत एका सर्जनकडे गेला. मीही सोबत होतो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘शी करताना दुखतं, की नुसतं रक्त पडतं?’

दुखणं कुठून येतं?

हा एक प्रश्न निम्मं निदान करतो. गुदद्वारातून साधारण दोन सेंटिमीटर आत एक सीमारेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला कापल्याची, टोचल्याची जाणीव जवळजवळ नसते. तिच्या खालची त्वचा मात्र बोटाच्या टोकाइतकी हळवी. मूळव्याध म्हणजे आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली सरकणं. नेहमीची आतली मूळव्याध रेषेच्या वर होते, म्हणून ती बहुधा दुखत नाही. रक्त मात्र थेंबथेंब, कधी पिचकारीसारखं पडतं आणि पुढे कोंब बाहेर येतो.

फिशर म्हणजे रेषेच्या खालच्या हळव्या त्वचेला पडलेली चीर. म्हणून शी होताना कापल्यासारखं दुखतं आणि नंतरही अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंत जळजळ राहते. रक्त थोडंच येतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. बाहेरच्या मूळव्याधीत रक्ताची गाठ झाली, तर तीही भयंकर दुखते. पण तेव्हा हाताला टणक, निळसर गाठ लागते, आणि दुखणं फक्त शी करताना नाही, सतत असतं.

मित्राला डॉक्टरांनी कुशीवर झोपवलं, त्वचा हलकेच बाजूला केली आणि चीर दिसली : मागच्या बाजूला, बरोबर मधोमध. बोट घालून तपासायची गरजच पडली नाही. फिशर एवढं दुखत असताना ती तपासणी पुढे ढकलतात.

साधी चीर भरत का नाही?

ओठ फुटला तर चार दिवसांत बरा होतो. मग ही चीर आठवडेच्या आठवडे का रेंगाळते? तिथे दोन झडपा असतात. बाहेरची आपल्या ताब्यात, आतली नाही. चिरेला धक्का लागला की आतली झडप आपोआप घट्ट आवळते. तोच नंतरचा ठणका. आवळली की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आणि मागच्या मधोमध भागात तो मुळातच कमी असतो. रक्त नाही तर जखम भरणार कशी? त्यात दुखेल या भीतीनं माणूस शी टाळतो, ती आणखी कडक होते आणि पुन्हा चीर फाटते. हे चक्र तोडणं म्हणजेच फिशरचा इलाज.

आठ आठवड्यांची गोष्ट

मित्राला तीन गोष्टी सांगितल्या गेल्या. पहिली, शी मऊ ठेवणं. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ पोटात जायला हवेत. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतून सुमारे १० ग्रॅम मिळतात. बाकीचे उसळ, पालेभाजी, सालासकट पेरू यांतून. शिवाय रात्री दोन चमचे इसबगोल, पण मोठा ग्लासभर पाण्यात आणि लगेच पिऊन. कमी पाण्यात घेतलं तर तेच आत घट्ट बसतं.

दुसरी, टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसणं, शी झाल्यावर तर नक्कीच. यानं झडप सैल पडते. तिसरी, डिल्टियाझेमचं दोन टक्क्यांचं मलम, दिवसातून दोनदा, कडेला. बधिर करणारं मलम ठणका तेवढा थांबवतं. हे मलम झडप सैल करून रक्त पोचवतं. काहींना नायट्रोग्लिसरीनचं मलम देतात, त्यानं डोकं दुखू शकतं. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायची.

दहाव्या दिवशी दोन तासांचा ठणका वीस मिनिटांवर आला. चौथ्या आठवड्यात दुखणं जवळजवळ गेलं आणि पठ्ठ्यानं इसबगोल बंद केलं! पाचव्या आठवड्यात पुन्हा काच. कारण दुखणं आधी थांबतं, त्वचा मजबूत व्हायला आणखी वेळ लागतो. मग मात्र त्यानं पूर्ण आठ आठवडे काढले, आणि आता सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांच्या आधी खुर्ची पकडतो.

नवी फिशर बहुतेकदा अशीच, ऑपरेशनशिवाय भरते. सहा ते आठ आठवडे उलटले तर ती जुनी समजतात. तिच्या कडा कडक होतात आणि बाहेरच्या टोकाला त्वचेचा छोटा लोंबता तुकडा तयार होतो. तो हाताला लागला की लोक ‘कोंब आला’ म्हणतात आणि पुन्हा मूळव्याधीचे उपचार सुरू! अशा वेळी बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा झडपेचा थोडा भाग कापण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात. शस्त्रक्रियेनं दहापैकी नऊहून जास्त जण बरे होतात. मात्र काहींना नंतर गॅस रोखणं जड जातं. सही करण्याआधी तेवढं विचारून घ्या.

यांपैकी काही असेल तर थांबू नका

• रक्त शीमध्ये मिसळलेलं किंवा काळपट असेल.
• वजन घटतंय, किंवा शौचाची सवय अचानक बदललीये.
• ताप, पू किंवा सूज आहे.
• चीर मधोमध नसून बाजूला आहे, किंवा अजिबात दुखत नाही.

ही साध्या फिशरची लक्षणं नव्हेत. सर्जनकडे जा आणि तोच एक प्रश्न मनात तयार ठेवून जा : दुखतं, की नुसतं रक्त पडतं?